आडवं पडल्यावरही न थांबणारं दुखणं

कंबर दुखते म्हणून येणारे बहुतेक लोक डॉक्टरांना एकच गोष्ट सांगतात: वाकलं, ओझं उचललं, फार वेळ उभं राहिलं की दुखतं आणि पाठ टेकली की बरं वाटतं. या दुखण्याचं कारण स्नायू, सांधे किंवा मणक्यांमधली गादी यांवरच्या ताणात असतं. आडवं पडलं की ताण उतरतो आणि दुखणंही कमी होतं.

काहींची तक्रार मात्र उलटी असते. "अहो डॉक्टर, दिवसा कामात कसंबसं निभतं, पण झोपले की वाढतं. कूस बदलून, उठून बसून काही फरक पडत नाही." इथे दुखण्याचं मूळ भारात नसून हाडाच्या आत असू शकतं. हाडाला फुगायला जागा नसते. आत गाठ वाढली किंवा पू साठला की दाब वाढतो, हाडावरचं नाजूक आवरण ताणलं जातं, आणि विश्रांतीने तो दाब उतरत नाही. रात्री लक्ष वेधून घेणारं दुसरं काही नसल्याने तेच दुखणं अधिक टोचतं. नुसतं रात्री दुखणं म्हणजे कॅन्सर किंवा टीबी नव्हे, हेही तितकंच खरं. साध्या कंबरदुखीतही कूस बदलताना जाग येते. तरुणपणी पहाटे पाठ आखडून जाग येत असेल आणि हिंडल्याफिरल्यावर सैल होत असेल, तर तो बहुधा मणक्यांचा संधिवात असतो. शंका बळावते ती सोबतच्या लक्षणांमुळे: वजन घटणं, ताप, पूर्वी झालेला कॅन्सर, किंवा आठवड्यागणिक वाढत जाणारं दुखणं.

समजा, 46 वर्षांच्या एका बाईंची कंबर दुखू लागली. गोळ्या, मलम, पट्टा झाला. एक्स-रे काढला, तो 'नॉर्मल' आला, आणि त्या एका शब्दावर तीन महिने गेले. एक्स-रेची मर्यादा इथेच लक्षात घ्यावी लागते. मणक्यातलं जवळपास एक तृतीयांश ते निम्मं खनिज झिजल्याशिवाय त्यात बिघाड नीट दिसत नाही. म्हणजे सुरुवातीचा नॉर्मल एक्स-रे आजार नसल्याचा पुरावा ठरत नाही. दरम्यान बाईंचं वजन 56 किलोंवरून 51 वर आलं, संध्याकाळी कणकण येऊ लागली, ईएसआर 78 निघाला. तेव्हा एमआरआय झाला.

एमआरआयमध्ये नजर आधी गादीकडे जाते. कॅन्सर दुसऱ्या अवयवातून पसरून मणक्यात आला असेल, तर तो मणका खातो, पण शेजारची गादी सहसा शाबूत राहते. जंतुसंसर्ग गादीलगतच्या दोन मणक्यांच्या कडा पोखरतो आणि पुढे गादीही खचते. बाईंच्या कमरेत असंच चित्र होतं, आणि शेजारच्या स्नायूत पू उतरला होता. टीबीकडे झुकणारी ही खूण पक्की मात्र नाही. टीबीत गादी बराच काळ टिकू शकते, आणि कधी एकाच मणक्यात बसलेला टीबी हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो.

म्हणून फोटोवरूनच टीबीची औषधं सुरू करणं मला धोक्याचं वाटतं. आजार कॅन्सरचा असेल तर मोलाचे महिने जातात, आणि औषधांना न जुमानणारा टीबी असेल तर तो आतल्या आत वाढतो. सीटी स्कॅनच्या मदतीने सुईने तुकडा काढावा लागतो. इथे एक चूक वारंवार घडते: सगळा तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत जातो. फॉर्मेलिन जंतू मारतं, मग त्यातून जंतू वाढवून पाहता येत नाहीत. नमुन्याचे दोन भाग हवेत. एक फॉर्मेलिनमध्ये, पेशी पाहण्यासाठी. दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, सीबीनॅट आणि कल्चरसाठी. सीबीनॅट यंत्र साधारण दोन तासांत टीबीचे जंतू आणि रिफाम्पिसिन हे औषध त्यांना लागू पडेल की नाही, हे सांगतं. कल्चरला सहा आठवडेही लागतात. नमुना घेण्याआधी नातेवाइकांनी "दोन्ही बाटल्या आहेत ना?" असं जरूर विचारावं.

बाईंच्या नमुन्यात टीबी निघाला, औषधांना दाद देणारा. मणक्याच्या टीबीला साधारण 12 महिने औषधं घ्यावी लागतात, आणि सरकारी कार्यक्रमात ती मोफत मिळतात. दुखणं काही आठवड्यांतच उतरू लागतं. नेमकं तेव्हाच अनेकजण गोळ्या सोडतात.

तुकड्यात कॅन्सरच्या पेशी निघाल्या असत्या, तर त्या आल्या कुठून याचा शोध स्तन, फुफ्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड, पुरुषांत प्रोस्टेट असा घ्यावा लागला असता. मज्जेतला मायलोमा हा कॅन्सरही असाच कमरेत दुखतो. सोबत रक्त कमी झालेलं असतं, क्रिएटिनिन वाढलेलं असतं. अशा वेळी वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला आणखी इजा करतात.

या सगळ्या तपासण्यांना काही दिवस लागले तर चालतात. पण पाय लुळे पडू लागले, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता आली, तर मज्जारज्जूवर किंवा त्याच्या खालच्या नसांवर दाब आलेला असतो. अशा रुग्णाला त्याच दिवशी, रात्र असली तरी, एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात न्यावं.