सही आई-बापाची, होकार लेकराचाही

शाळेतून चिठ्ठी येते, ‘मुलाला तपासून आणा.’ आई एका दिवसाची मजुरी बुडवून सरकारी दवाखान्यात जाते. तिथे कागद पुढे येतो, बोट ठेवलेल्या जागी ती सही करते आणि लेकराला आत पाठवते. कागदात काय लिहिले आहे हे तिला कोणी सांगत नाही. आत काय होणार हे लेकराला कोणी सांगत नाही.

आपल्या देशात अठरा वर्षांखालच्या मुलाच्या उपचारांना आई-बापाची किंवा कायदेशीर पालकाची संमती घेतात. ती संमती समजून दिलेली असावी लागते. म्हणून सही करण्याआधी विचारा : कसली तपासणी आहे? किती वेळा यावे लागेल? अहवाल कोणाकोणाला दिसेल? नाही म्हटले तर काय होईल? कागद वाचता येत नसेल तर तो मराठीत मोठ्याने वाचून घ्या. आपल्या आधीच्या पिढ्यांनी न वाचलेल्या कागदांवर अंगठे दिले आणि त्याची किंमत मोजली. आपण तसे करू नये.

पण पालकांची सही झाली म्हणजे काम संपले नाही. एक उदाहरण घेऊ. सातवीतला तेरा वर्षांचा मुलगा आहे. तोंडी हिशेब झटकन करतो, पण वाचताना अडखळतो. शाळेला अध्ययन अक्षमतेची शंका आहे. अशा वेळी डोळे आणि कान तपासतात. मग बुद्ध्यांक चाचणी होते आणि त्यानंतर वाचन, लेखन व गणिताची चाचणी होते. यासाठी बरेचदा चार-पाच खेपा पडतात. प्रमाणपत्र मिळाले तर दहावीच्या परीक्षेला जादा वेळ किंवा लेखनिक अशा सवलती मिळू शकतात.

आता या मुलाला घरी कोणी काही बोललेच नाही. गल्लीतली पोरे म्हणाली, ‘तुला वेडा ठरवायला नेतात.’ तो चाचणीला बसला, पण येत असलेली उत्तरेही देईना. अशाने बुद्ध्यांक खऱ्यापेक्षा कमी येतो. मग अध्ययन अक्षमतेऐवजी बुद्धीच कमी असल्याचा शिक्का बसू शकतो. हुशार लेकराच्या माथी तो शिक्का कायमचा चिकटतो. लेकराचा होकार घ्यायचा तो त्याच्या मानासाठी आणि चाचणी खरी उतरावी यासाठीही.

होकार वयाप्रमाणे घ्यावा. सहा वर्षांपर्यंतच्या लेकराला इतके सांगितले तरी पुरे : ‘ताई चित्रे दाखवतील, तू नावे सांगायची, मी दाराशीच बसते.’ अंग चोरणे, तोंड फिरवणे, रडणे हा त्याचा नकार असतो. तो दिसला की थोडे थांबा. सात ते बाराच्या मुलाला कारणही सांगा आणि त्याने ‘हो’ म्हटलेले ऐका. मुले सहभागी असलेल्या संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2017 मध्ये घालून दिलेली रीतही अशीच आहे : सातपासून तोंडी होकार आणि बारानंतर लेखी. उपचारातही हीच रीत धरायला हरकत नाही.

आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला आईने आदल्या रात्री सांगावे, ‘बाळा, तुझे डोके चांगले चालते, पण अक्षरे का अडतात ते बघायचे आहे. सुई नाही, औषध नाही. कंटाळा आला तर मधे थांबता येईल. आलेला निकाल आपण वस्तीत कोणाला सांगणार नाही. येशील का?’ तो नाही म्हणाला तर ओढून नेऊ नका, का ते विचारा. ही तपासणी आठ दिवसांनी झाली तरी काही बिघडत नाही. डॉक्टरांनाही सांगा, ‘पोरगा आज तयार नाही, दुसरी तारीख द्या.’ असे म्हणणे उद्धटपणा नव्हे.

वयात आलेली मुले समुपदेशकाशी एकटीने बोलू इच्छितात. पहिल्याच दिवशी समुपदेशक, पालक आणि मुलगी यांनी मिळून ठरवावे, की कोणती गोष्ट आतच राहील आणि कोणती पालकांना सांगावीच लागेल. जिवाला धोका असेल तर ती गुप्त ठेवता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती तर पोक्सो कायद्याने पोलिसांना द्यावीच लागते. हे आधी सांगितले की नंतर मुलीला विश्वासघात झाला असे वाटत नाही.

होकारालाही मर्यादा आहे. मूल जीव द्यायची भाषा करत असेल, झटके येत असतील, तर त्याच्या होकारासाठी थांबू नका. लगेच दवाखाना गाठा. पण तेव्हाही काय चालले आहे ते त्याला सांगत राहा.

शेवटी एक ध्यानात ठेवा. मोठ्या रुग्णालयात उपचाराचा कागद वेगळा आणि संशोधनाचा वेगळा असतो. संशोधनाला नाही म्हटले म्हणून उपचार अडवता येत नाहीत. दोन कागद पुढे आले तर ‘यातला संशोधनाचा कोणता?’ असे विचारा आणि मगच पेन उचला.