कायमची दिवसपाळी: अर्ज आईचा, गणित वॉर्डाचे

खासगी रुग्णालयातल्या मेट्रनबाईंच्या टेबलावर येणाऱ्या अर्जांत एक अर्ज नेहमीचा असतो. ‘माझे मूल लहान आहे, घरी सांभाळायला कोणी नाही, तरी मला कायमस्वरूपी मॉर्निंग ड्युटी मिळावी, ही विनंती.’ अर्ज खरा असतो, अडचणही खरी असते आणि तरीही बहुतेकदा उत्तर एकच येते: ‘बघू, सध्या स्टाफ कमी आहे.’ मेट्रनना आईची अडचण कळत नाही असे नाही. अनेकींनी स्वतःची मुले याच पाळ्यांत वाढवलेली असतात. पण त्या अर्जात त्यांना हवी असलेली माहिती नसते. या सिस्टरच्या रात्री उद्यापासून कोण करणार, याबद्दल अर्ज गप्प असतो.

आधी कायदा काय देतो ते पाहू, कारण बऱ्याच जणींचा समज असतो की लहान मूल असले की दिवसपाळी हक्काने मिळते. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने आणि त्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा दिली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा दिली. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दोन वेळा सुट्टी दिली. काम घरून करण्याजोगे असेल तर परस्परसंमतीने तीही वाट ठेवली. मात्र इंजेक्शन घरून देता येत नाही. राज्य सरकारी सेवेत 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, पण ती रजा आहे, पाळीतला बदल नव्हे.

रात्रीच्या कामाला स्त्रीची संमती लागते, हे तत्त्व महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. तिथे रात्री साडेनऊ ते सकाळी सात ही वेळ त्यासाठी धरली आहे. नर्सच्या बाबतीत मात्र नियुक्तीपत्रात ‘तिन्ही पाळ्यांत काम करावे लागेल’ असे कलम बहुधा असतेच आणि त्याखाली तिने सही केलेली असते. म्हणून अर्ज लिहिण्याआधी ते पत्र कपाटातून काढून वाचलेले बरे. कलम असेल तर हक्काची भाषा चालत नाही. मग उरतो तो प्रस्ताव, आणि तो ड्युटी लिस्टवर उभा राहावा लागतो.

समजण्यासाठी एक नमुना घेऊ. तीस खाटांचा मेडिकल वॉर्ड. सकाळची पाळी सात ते दोन, दुपारची दोन ते नऊ, रात्रीची नऊ ते सात. सकाळी चार नर्स लागतात, दुपारी तीन, रात्री दोन. वॉर्डात बारा जणी आहेत. तीस दिवसांच्या महिन्यात रात्रीच्या साठ ड्युट्या होतात, म्हणजे सरासरी प्रत्येकीला पाच. यातली एक सिस्टर, जिचे मूल तीन वर्षांचे आहे, कायमची सकाळपाळी मागते. तिच्या पाच रात्री उरलेल्या अकरा जणींत वाटल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला साधारण साडेपाच येतात. म्हणजे दोन महिन्यांतून एक रात्र जास्त. दुपारच्या नव्वद ड्युट्या साडेसातवरून आठच्या थोड्या पुढे जातात. कागदावर हे ओझे फार वाटत नाही, आणि हिशेब करणारी अर्जदार बहुधा इथेच समाधानाने थांबते.

इन्चार्ज सिस्टरला मात्र या सरासरीत एक खोट लगेच दिसते. रात्रीच्या दोघींपैकी एक तरी अनुभवी लागते. पेशंट अचानक बिघडला तर रेसिडेंट डॉक्टर येईपर्यंत वॉर्ड सांभाळणारी, क्रॅश कार्ट उघडून पटापट औषधे काढणारी. या वॉर्डात अशा पाच जणी आहेत असे धरू आणि अर्जदार त्यांतली एक आहे. तीस रात्री पाच जणींत वाटल्या की प्रत्येकीला सहा येतात. ती बाजूला झाली की चौघींना साडेसात. वाढ अर्ध्या रात्रीची नसून दीड रात्रीची आहे, आणि ती अकरा जणींवर नाही, नेमक्या चौघींवर पडते. त्या चौघींपैकी दोघींची मुलेही शाळेत जाणारी असतील तर अर्जाला विरोध कुठून येईल, हे सांगायला नको.

तोडगाही याच जागी सापडतो. अर्जदार कायम सकाळी असणार असेल, तर कनिष्ठ नर्सपैकी दोघींना तयार करण्याचे काम ती घेऊ शकते. सकाळची पाळी त्यासाठी सोयीची असते, कारण राऊंड, डिस्चार्ज, नवी भरती आणि बहुतेक प्रोसिजर त्याच वेळेत होतात. दोघी तयार झाल्या की रात्रीची जबाबदारी घेणाऱ्या सहा जणी होतात. मग साठ रात्री अकरा जणींत जवळपास समान वाटता येतात, प्रत्येकीला पाच किंवा सहा. जुन्या चौघींचे ओझे सहावरून किंचित कमीच होते. कनिष्ठ सात जणींना मात्र आधी चारच्या थोड्या वर रात्री असायच्या, त्यांना एखादी वाढते. हे लपवून चालत नाही. ते अर्जात लिहावे आणि त्याच्या बदल्यात काय देऊ ते पुढे लिहावे.

देण्यासारखे काय असते? नवऱ्याला रविवारी सुट्टी असेल तर सगळ्या रविवारच्या सकाळी. दिवाळी, होळी, गणपती या दिवसांतल्या सकाळी, जेव्हा प्रत्येकीला घरी राहायचे असते. सकाळी ऐन वेळी कोणी आजारी पडली तर पहिला फोन आपल्याला करावा, अशी तयारी. रात्रीचा भत्ता मिळत असेल तर तो सुटतो, तेवढा पगार कमी होईल हे आपण मान्य करतो, असे वाक्यही हवे. सहकाऱ्यांचा एक सल मात्र यातूनही पूर्ण जात नाही: सकाळची पाळी सगळ्यांनाच हवी असते, आणि एकीने महिन्याच्या पंचवीसेक सकाळी घेतल्या की बाकीच्यांच्या दहावरून पावणेनऊच्या आसपास येतात. म्हणून अर्ज मेट्रनकडे जाण्याआधी त्या चौघींशी बोलणे आवश्यक ठरते. त्यांना तो ड्युटी लिस्टमधून कळला तर गणित कितीही बरोबर असले तरी उपयोग नसतो.

दुसरी बाजू घराची. ‘सांभाळायला कोणी नाही’ हे वाक्य मेट्रनना काहीच सांगत नाही. त्याऐवजी मागच्या तीन महिन्यांचा साधा तक्ता जोडला तर चित्र स्पष्ट होते. समजा, नवरा चाकणच्या कारखान्यात फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा आठवड्याला बदलणाऱ्या शिफ्टमध्ये आहे. एका रकान्यात त्याच्या शिफ्ट, दुसऱ्यात तिच्या ड्युट्या, आणि दोघेही रात्री बाहेर होते त्या तारखांना खूण. त्या रात्री मूल कुठे होते, हेही लिहावे: शेजारी, गावाहून बोलावलेली आजी, की ऐन वेळी घेतलेली रजा. ऐन वेळच्या रजा हा आकडा रुग्णालयाच्याही कामाचा असतो, कारण त्या दिवशी दुसऱ्या कोणाला तरी डबल ड्युटी करावी लागलेली असते. आणि हा प्रश्न आईनेच का सोडवायचा, असे कोणी विचारले तर तेही रास्त आहे. कायमची फर्स्ट शिफ्ट मागणारा अर्ज नवऱ्यालाही करता येतो, आणि त्याने तो केला असेल तर त्याचे उत्तर तिच्या अर्जाला जोडावे.

याच तक्त्यात आणखी एक गोष्ट उघड होते, जी अर्ज मंजूर झाल्यावर त्रास देते. सातची ड्युटी म्हणजे घरातून सहा-सव्वासहाला निघणे. त्या वेळी पाळणाघर उघडलेले नसते आणि फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात नवराही बाहेर पडलेला असतो. म्हणजे ‘दिवसपाळी’ मिळूनही दर तिसऱ्या आठवड्याला सकाळचे दोन तास उघडेच राहतात. अशा घराला सात ते दोनपेक्षा नऊ ते पाचची जनरल ड्युटी जास्त उपयोगी, आणि ती ओपीडी, डे-केअर किंवा इन्फेक्शन कंट्रोल अशा विभागांत असते. म्हणून अर्जात ‘दिवसपाळी’ एवढेच न लिहिता तास लिहावेत. वॉर्डातली सकाळ हा पहिला पर्याय, ओपीडीतली बदली दुसरा. ओपीडीत गेल्यास वॉर्डाचा अनुभव थांबतो आणि पुढे इन्चार्ज होण्याच्या वेळी तो मोजला जाऊ शकतो, हे मात्र जमेस धरावे लागते.

नकाराची कारणे आधीच ओळखून त्यांची उत्तरे कशी द्यावीत, यासाठी ब्रिटनचा कायदा उपयोगी पडतो. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत भारतीय नर्सही मोठ्या संख्येने आहेत. एप्रिल 2024 पासून तिथे कामाच्या पहिल्या दिवसापासून पाळी किंवा तास बदलण्याची विनंती करता येते, वर्षातून दोनदा. मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि नकाराआधी कर्मचाऱ्याशी चर्चा करावी लागते. नकार फक्त आठ ठरलेल्या कारणांनीच देता येतो. जादा खर्च, काम इतरांत वाटता न येणे, नवी भरती करता न येणे, दर्जा किंवा कामगिरी घसरणे अशी ती कारणे आहेत. आपल्याकडे असे बंधन नाही, पण मेट्रनच्या मनातली कारणे साधारण हीच असतात. वरच्या नमुन्यात ‘काम वाटता येत नाही’ आणि ‘दर्जा घसरेल’ या दोन्हींचे उत्तर दोन कनिष्ठ नर्स तयार करण्यात आहे.

एक भीती मात्र गणिताने जात नाही. ‘तुला दिली तर सगळ्या मागतील.’ ही भीती पोकळ नाही. त्याच वॉर्डात चौघींना कायमची सकाळ दिली तर साठ रात्री आठ जणींवर पडतात, प्रत्येकीला साडेसात. म्हणून ‘कायम’ हा शब्द अर्जाच्या पहिल्याच ओळीत टाकण्यापेक्षा सहा महिन्यांची चाचणी मागणे शहाणपणाचे असते. चाचणीचे निकषही अर्जातच द्यावेत: चार अनुभवी सिस्टरच्या रात्री सहाच्या वर गेल्या का, ऐन वेळच्या रजा कमी झाल्या का, दोघी कनिष्ठ रात्र सांभाळू लागल्या का. तिन्ही आकडे ड्युटी लिस्टमधूनच निघतात, वेगळी नोंद ठेवावी लागत नाही. सहा महिन्यांनी ते जमले असतील तर कायमचा आदेश मागायला आधार मिळतो.

मंजुरी तोंडी मिळाली तर ती इन्चार्ज सिस्टर बदलली की संपते. म्हणून एका पानाचा लेखी आदेश मागावा. त्यात पाळीचे तास, लागू होण्याची तारीख, आढाव्याचा महिना, रात्रीच्या भत्त्याबद्दलची नोंद आणि वॉर्ड बदलला तरी व्यवस्था कायम राहील की नाही, एवढे यावे. नकार मिळाला तर कारण लेखी मागावे आणि तेव्हाच दुसरा पर्याय पुढे ठेवावा: नवऱ्याच्या थर्ड शिफ्टच्या आठवड्यात रात्र नको, बाकी दोन आठवड्यांत चालेल. नवऱ्याचे शिफ्टचे वेळापत्रक महिनाभर आधी मिळत असेल तर इन्चार्ज सिस्टरला ही अट पाळणे अवघड जात नाही, आणि मेट्रनना कोणासाठी नियम बदलल्यासारखेही वाटत नाही.