आधी कोण, नंतर कोण?

२००९ साली युरोपीय आयोगाबरोबर झालेल्या समझोत्यानुसार मायक्रोसॉफ्टला विंडोज वापरणाऱ्या युरोपातल्या ग्राहकांपुढे ब्राउझर निवडीचा पडदा ठेवावा लागला. पहिल्या पाच प्रमुख ब्राउझरांचा क्रम प्रत्येक वेळी निव्वळ योगायोगाने ठरावा, अशी अट होती. त्यासाठी प्रोग्रॅमरने सोपी वाट धरली. यादी सॉर्टिंगला दिली आणि ‘या दोघांत आधी कोण?’ असे विचारले की नाणेफेक करून उत्तर द्यायचे, असा नियम लिहिला. आयबीएममधल्या रॉब वेअर यांनी हा पडदा हजारो वेळा चालवून पाहिला. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पाहिले, तर खुद्द इंटरनेट एक्सप्लोरर सुमारे निम्म्या वेळा शेवटच्या जागी येत होता. खरा योगायोग असता, तर हे पाचातून एकदा घडले असते. मायक्रोसॉफ्टने लवकरच तो कोड बदलला.

नाणे खोटे नव्हते. चूक होती ती सॉर्टिंगला नाणेफेक सांगण्यात. हजार वस्तू लावायच्या असतील, तर त्यांच्या जोड्या होतात ४,९९,५००. चांगली सॉर्टिंग पद्धत जेमतेम दहा हजार प्रश्नांत काम उरकते, कारण बाकीची उत्तरे ती न विचारता गृहीत धरते. क ख-च्या आधी आणि ख ग-च्या आधी असे कळले, की क ग-च्या आधी असणारच. एकदा मिळालेले उत्तर पुन्हा विचारले तरी तेच येईल, हेही ती धरून चालते. दर वेळी बदलणारे उत्तर मिळाले, की क्रम वस्तूंवर ठरत नाही. कोणता प्रश्न कधी विचारला गेला, त्यावर ठरतो.

नाणेफेक निदान उघड तरी दिसते. खरा घात करतो तो शहाणा दिसणारा नियम. समजा, मोबाईलच्या दुकानाच्या संकेतस्थळावर ठरले: दोन फोनांच्या किमतीत ५०० रुपयांपर्यंतच फरक असेल, तर ग्राहकांचे गुण जास्त असलेला फोन आधी. फरक त्याहून मोठा असेल, तर स्वस्त फोन आधी. ऐकायला चोख आहे. आता तीन फोन घ्या. क १०,००० रुपयांचा, गुण ३.८. ख १०,४०० चा, गुण ४.१. ग १०,८०० चा, गुण ४.४. क आणि ख यांत फरक ४०० चा, म्हणून ख आधी. ख आणि ग यांतही तेच, म्हणून ग आधी. पण क आणि ग यांत फरक ८०० चा, म्हणून स्वस्त असलेला क आधी. ग ख-च्या आधी, ख क-च्या आधी आणि क परत ग-च्या आधी. हे वर्तुळ आहे, त्याला पहिला नंबरच नाही.

तरी संगणक उत्तर देतोच. नवा फोन यादीच्या शेवटापासून तुलना करत पुढे सरकवण्याची साधी पद्धत घेऊ. फोन क, ख, ग असे आले तर यादी लागते ख, क, ग. तेच ग, ख, क असे आले तर ग, ख, क आणि क, ग, ख असे आले तर क, ग, ख. माल तोच, नियम तोच आणि पहिल्या जागी तीन वेगळे फोन. कोठारातून नोंदी कोणत्या क्रमाने आल्या, एवढ्यावरून दुकानाचे पहिले पान बदलते.

अशी चूक महिनोन्महिने दडून राहते. २०११ मध्ये आलेल्या जावा ७ पासून वस्तूंच्या सॉर्टिंगला टिमसॉर्ट ही पद्धत आहे. लावलेले तुकडे एकत्र करताना तिला विसंगती आढळली, तर ती काम थांबवून सांगते:

```
Comparison method violates its general contract!
```

पण ३२ पेक्षा कमी वस्तू असल्या, तर तुकडे जोडायची वेळच येत नाही आणि हा संदेशही येत नाही. मोठ्या यादीतही तो दर वेळी येतोच असे नाही. त्यामुळे वीस नोंदींवर चाचणी उत्तम पार पडते आणि खऱ्या ग्राहकांपुढे प्रोग्रॅम कोसळतो. सी++ मध्ये तर `<` च्या जागी `<=` लिहिले, तरी दोन सारख्या वस्तूंपैकी प्रत्येक जण ‘मी आधी’ म्हणतो. मग सॉर्टिंग यादीची हद्द ओलांडून परक्या मेमरीत शिरू शकते.

संशय आला, तर नोंदींतून तिघे तिघे उचलून वर्तुळ सापडते का, ते पाहावे. यादी पिसून पुन्हा लावावी. समान ठरलेल्यांची अदलाबदल सोडून बाकी क्रम बदलला, तर दोष नियमात आहे.

दुकानाच्या नियमाचे मूळ दुखणे ‘जवळपास सारखे’ या कल्पनेत आहे. क ख-च्या जवळ, ख ग-च्या जवळ, पण क ग-पासून लांब. इलाज असा, की दोघांतला फरक मोजण्याऐवजी प्रत्येक फोनला आधीच टप्पा द्यायचा: किंमत भागिले ५००, अपूर्णांक सोडून. क आणि ख २० व्या टप्प्यात, ग २१ व्या. आधी टप्पा पाहायचा, मग गुण. यादी कुठूनही सुरू करा, ख, क, ग हेच येते. या सोयीची किंमत मात्र आहे: १०,४९९ आणि १०,५०० हे फोन एका रुपयाने वेगळ्या टप्प्यांत पडतात आणि तिथे गुणांना विचारले जात नाही.