शब्दांमागे धावणारे सूर : माद्रिगालची शब्दचित्रं

किर्लोस्करांचं १८८२चं ‘सौभद्र’ छापील पुस्तकात उघडलं, की अनेक पदांच्या माथ्यावर चालीचा उल्लेख दिसतो. चाल आधीपासून लोकांच्या ओठी होती आणि कवीने नवे शब्द तिच्यात बसवले. म्हणूनच एकाच चालीवर दोन-तीन कडवी सहज गाता येतात. रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात संगीत नाटकं ऐकत आलेल्या रसिकाला हे वेगळं सांगायला नको. पण गायन-इतिहासाच्या चर्चासत्रात युरोपातल्या माद्रिगालकडे वळायचं, तर नेमकी हीच सवय आधी थोडी बाजूला ठेवावी लागते.

सोळाव्या शतकात इटलीत बहरलेला माद्रिगाल हा बहुधा चार ते सहा गायकांसाठीचा, कवितेवर बेतलेला गानप्रकार. प्रत्येक गायकाची ओळ स्वतंत्र असते आणि साथीला वाद्य नसलं तरी चालतं. इथे कविता आधी तयार असते. रचनाकार ती ओळीओळीने घेतो आणि प्रत्येक ओळीला नवं संगीत देतो. चाल परतून येत नाही, त्यामुळे एखाद्या ओळीतल्या एकाच शब्दासाठी खास सुरावट रचायला त्याला मोकळीक मिळते. कडव्यांच्या गाण्यात ही सोय नसते. पहिल्या कडव्यात ‘उतरणे’ असेल त्याच जागी दुसऱ्या कडव्यात ‘हसणे’ येईल आणि उतरती सुरावट तिथे निरर्थक ठरेल. शब्दचित्रण माद्रिगालमध्येच एवढं का फोफावलं, याचं मोठं कारण मला या मोकळिकीत दिसतं.

हे चित्रण स्पष्ट दिसतं ते इंग्रज रचनाकार थॉमस वील्क्स याच्या ‘ॲज व्हेस्टा वॉज फ्रॉम लॅटमॉस हिल डिसेंडिंग’ या सहा आवाजांच्या माद्रिगालमध्ये. थॉमस मॉर्लीने १६०१ साली प्रकाशित केलेल्या ‘द ट्रायम्फ्स ऑफ ओरियाना’ या संग्रहात तो आहे. ओरियाना म्हणजे राणी पहिली एलिझाबेथ, असं परंपरेने मानलं जातं. गोष्ट एवढीच, की व्हेस्टा देवी डोंगर उतरत असताना तिला एक कुमारी राणी तोच डोंगर चढताना दिसते. देवीच्या सख्या राणीकडे धावत सुटतात आणि शेवटी सगळे मिळून ओरियानाला दीर्घायुष्य चिंततात.

आता सूर पाहा. देवी उतरते तिथे आवाज सप्तकाच्या पायऱ्या उतरतात, राणी चढते तिथे तेच आवाज वर जातात. सख्या धावत खाली येतात तिथे द्रुत उतरत्या ताना एका आवाजाकडून दुसऱ्याकडे झेपावतात. त्या दोन-दोन करून निघाल्या असं शब्द सांगतात तेव्हा दोनच आवाज गातात. तीन-तीन म्हटल्यावर तिसरा आवाज येऊन मिळतो, आणि ‘सगळ्या मिळून’ म्हणताना साही आवाज एकत्र उमटतात. देवी एकटी उरते तिथे एकच आवाज ऐकू येतो. अखेर दीर्घायुष्याच्या शब्दांवर खर्जातला गायक फार लांब स्वर धरतो आणि वरचे आवाज त्याच शब्दांवर लगबगीने फिरतात. स्वराची लांबी म्हणजेच आयुष्याची लांबी. मॉर्लीने १५९७च्या आपल्या पाठ्यपुस्तकात चढण्याच्या शब्दाला चढते सूर द्यावेत अशी शिकवणच दिली होती. वील्क्सने ती मनापासून आचरलेली दिसते.

मात्र शब्दचित्रण आणि शब्दांना न्याय देणारं संगीत या दोन गोष्टी एक नव्हेत. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गालिलेई हे स्वतः संगीतज्ञ. त्यांनी १५८१च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीवर कडक टीका केली. रचनाकार वाक्याचा भाव सोडून सुट्या शब्दाला चिकटतात, हा त्यांचा आक्षेप होता. मला तो रास्त वाटतो. ‘तो पळाला नाही’ असं वाक्य असेल आणि सूर ‘पळाला’ या शब्दावर पळू लागले, तर संगीत कवितेच्या उलट बोलू लागतं. वील्क्सच्या गाण्यात हा दोष जाणवत नाही, कारण त्याची कविता मुळातच हालचालींची आहे. तिथे चित्र हाच अर्थ आहे. विरहाच्या किंवा पश्चात्तापाच्या कवितेला तेवढ्याने भागत नाही.

त्यासाठी क्लाउदिओ मॉन्तेवेर्दीचा ‘क्रूदा आमारील्ली’ हा पाच आवाजांचा माद्रिगाल हाताशी घ्यावा. शब्द ग्वारीनीच्या ‘इल पास्तोर फीदो’ या नाटकातले. आमारील्लीच्या नावातच प्रेमाचा कडवटपणा भरला आहे, असं तिचा प्रियकर विव्हळून सांगतो. बाराव्या मापापर्यंत आवाज बहुतांशी नियमात चालतात. तेराव्या मापात खालच्या आवाजाने एक स्वर धरलेला असतो; आपण त्याला षड्ज मानू. क्षणभर गप्प राहिलेला सर्वांत वरचा आवाज ‘हाय रे’ अशा अर्थाच्या उद्गारावर थेट रिषभाने प्रवेश करतो आणि तिथून कोमल निषादावर उडी घेतो. त्या काळच्या नियमानुसार बेसूर ठरणारा स्वर असा अचानक आणायचा नसे. आधी तो मेळात ऐकवायचा, तसाच धरून ठेवायचा, खालचे स्वर बदलून तो टोचू लागला की एक पायरी खाली उतरून त्याची सुटका करायची. मॉन्तेवेर्दीने पूर्वतयारीही गाळली आणि सुटकाही. एका बोचऱ्या स्वरावरून तो थेट दुसऱ्या बोचऱ्या स्वरावर गेला. उसासा आधी बजावून येत नाही, तसाच हा रिषभ येतो.

आपल्या श्रोत्यांची अडचण नेमकी इथे येते. तानपुऱ्यावर अखंड षड्ज वाजत असताना त्यावर रिषभ आणि कोमल निषाद आपण रोज ऐकतो. त्यात बोचण्यासारखं काही आपल्याला वाटत नाही. उलट त्यातच गोडी वाटते. त्यामुळे १६०० सालच्या कानाला बसलेला धक्का आपल्याला बसतच नाही. यावर उपाय असा, की तेरावं माप सुटं ऐकू नये. आधीची बारा मापं पुन्हा पुन्हा ऐकून तिथली शिस्त कानात मुरू द्यावी. मग तो रिषभ आपोआप टोचतो.

बोलोन्याचा सिद्धांतकार जोवान्नी मारिया आर्तूझी याला तर तो फारच टोचला. १६०० साली त्याने व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात असे तुकडे दाखवून ते सदोष ठरवले. तेव्हा हा माद्रिगाल छापूनही आलेला नव्हता. तो १६०५च्या पाचव्या संग्रहात आला. आर्तूझीने एक मोठी गफलत केली. त्याने स्वर दिले आणि शब्द वगळले. शब्द नसले की तो रिषभ चूकच दिसतो, कारण त्याचं सगळं समर्थन त्या उद्गारात आहे. मॉन्तेवेर्दीचा भाऊ जुलिओ चेझारे याने १६०७मध्ये उत्तर देताना नेमकं यावर बोट ठेवलं. शब्द मालकीण आणि स्वरमेळ तिची दासी, असा त्याचा सिद्धांत होता.

त्यामुळे चर्चासत्रासाठी एक क्रम सुचवतो. गाणं लावण्याआधी कविता मराठीत अर्थ लावून वाचा आणि तिचं मुख्य क्रियापद कोणतं, कोण कुणाला काय सांगतंय, हे ठरवा. मग ऐकताना प्रत्येक चित्राला विचारा, की हे वाक्याला धरून आहे की एका शब्दाला? नंतर शब्द झाकून तेच पुन्हा ऐका. वील्क्सच्या चढ-उतारातली गंमत तेव्हाही बरीचशी शिल्लक राहते. मॉन्तेवेर्दीचा रिषभ मात्र तेव्हा आर्तूझीला दिसला तसा दोष वाटू लागतो. माद्रिगालच्या सर्व चित्रांत मी त्या एका रिषभाला सर्वांत वर ठेवतो.