गळ्याची पट्टी डोकावू नये म्हणून

गर्द जांभळ्या खणाच्या ब्लाउजला आतून पांढऱ्या पॉपलिनची पट्टी लावली असेल, तर शिवणाऱ्याचं कसब लांबूनही कळतं. पट्टी नीट बसली असेल तर गळ्याशी फक्त खण दिसतो. बसली नसेल तर गळ्याच्या कडेनं पांढरी रेघ डोकावते. घालणारी ती बोटानं आत सारत राहते आणि ती पुन्हा वर येते. पुष्कळांना वाटतं, इस्त्री कमी पडली. इस्त्रीनं पट्टी आत जाते खरी, पण पहिल्या धुण्यापुरतीच.

खरा इलाज एका टिपेत आहे, आणि ती टीप बाहेरून दिसतच नाही. शिवणकामात तिला अंडरस्टिच म्हणतात. गळ्याला पट्टी जोडून झाली, की पट्टी आत उलटण्याआधी ही टीप मारायची. ती पट्टी आणि शिलाईची माया यांच्यातूनच जाते. वरच्या खणाला शिवतही नाही.

एवढ्यानं काय होतं? माया एकदा पट्टीला जखडली, की जोडशिलाईच्या त्या बाजूला तीन थर एकत्र येऊन कडक होतात. मग पट्टी आत उलटताना कापड नेमकं शिलाईवर दुमडत नाही. शिलाईच्या पलीकडे जो एकेरी, मऊ खण आहे, तिथं दुमडतं. शिलाई आपोआप मिलिमीटरभर आत सरकते आणि गळ्याच्या काठावर खणच येतो.

आता बिनबाह्यांचा, गोल गळ्याचा ब्लाउज घेऊ. एक सेंटिमीटर माया धरून सुलट्यावर सुलटं ठेवून पट्टी जोडली. मग माया छाटायची, पण दोन्ही थर सारखे नाहीत: पट्टीची माया तीनेक मिलिमीटर, खणाची सहा. दोन्ही एकाच मापात छाटल्या तर इस्त्रीनंतर सुलट्या बाजूला त्यांची वळ उठते. खणाचे धागे पटकन सुटतात, म्हणून त्याची माया याहून कमी करायच्या फंदात पडू नये.

नंतर कात्रीच्या टोकानं कट द्यायचे, साधारण दीड सेंटिमीटरवर एक, शिलाईच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबून. गोल गळ्यात मायेची कड शिलाईच्या रेषेपेक्षा आखूड असते, आणि तिला आता पट्टीवर, म्हणजे जास्त लांबीवर, पसरायचंय. कट दिले की त्यांच्या फटी उघडतात आणि माया सपाट पसरते. कट न देता टीप मारली तर पट्टीला चुण्या पडतात आणि गळा ओढल्यासारखा दिसतो. मुंढ्याच्या काखेकडच्या वळणावर वळण जास्त, म्हणून तिथं कट जवळजवळ हवेत.

मग दोन्ही माया पट्टीकडे वळवायच्या आणि पट्टीची सुलटी बाजू वर ठेवून, जोडशिलाईपासून दोनच मिलिमीटरवर टीप घालायची. एक हात खणाला बाजूला धरून ठेवतो, दुसरा पट्टी हलकेच ओढून सपाट ठेवतो. दर थोड्या अंतरानं खालून बोट फिरवून पाहावं: माया उलट्या दिशेला तर वळली नाही ना, खणाची घडी टिपेत सापडली नाही ना. नवशिक्यांकडून नेमकं हेच होतं आणि उलटल्यावर लक्षात येतं. टीप पाच-सहा मिलिमीटर लांब गेली तर शिलाईलगतची पट्टी मोकळी राहते आणि फायदा निम्माच होतो.

मुंढ्याला हे करायचं तर बाजूच्या शिलाया आधी घालू नयेत. खांदा जोडला, पण बाजू उघडी आहे, अशा वेळी मुंढा सपाट पसरतो आणि मशीन वळणावरून सरळ चालतं. पट्टीवरची टीप झाली की बाजूची शिलाई खणातून सुरू करून तशीच पट्टीतूनही न्यावी. बाजू आधी बंद केली तर बोळासारख्या मुंढ्यात सुई फिरवत बसावं लागतं.

चौकोनी किंवा व्ही गळ्यात कोपऱ्यापर्यंत ही टीप जात नाही. कोपऱ्याच्या दोन-तीन सेंटिमीटर आधी थांबायचं, पलीकडून पुन्हा सुरू करायचं. मधली जागा इस्त्रीवर सोडावी, हट्टानं सुई कोपऱ्यात घालू नये.

काम जमलं की नाही, हे उलट्या बाजूनं पाहिलं की कळतं. गळ्याच्या काठाशी खणाची बारीक, एकसारखी कड दिसली आणि तिच्या आत पट्टीवर टिपेची रेघ समांतर चालली असेल, तर बेत जमला. पट्टीचा मोकळा काठ मात्र ही टीप धरून ठेवत नाही. तो खांद्याच्या मायेला हातानं दोन-तीन टाके घालून अडकवावा. नाहीतर ब्लाउज घालताना पूर्ण पट्टीच बाहेर उलटते. जॉर्जेटसारख्या पारदर्शक कापडाला मात्र हा खटाटोप करूच नये. आतल्या पट्टीची सावली बाहेर दिसते, तिथं बारीक उरेब पट्टी बरी.