खाणीचा नफा आणि गावचा तलाव

सातपुड्याच्या ज्या डोंगररांगेत आंबागडचा जुना किल्ला उभा आहे, तिच्याच परिसरात, तुमसर तालुक्यात, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. त्या चालविणाऱ्या ‘मॉयल’ या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. अशा कंपन्यांनी नफ्याचा काही अंश समाजासाठी खर्चावा, ही अपेक्षा १ एप्रिल २०१४ पासून कंपनी अधिनियमाच्या १३५व्या कलमाने कायद्यात आणली. लगतच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक कसोटी उतरली तरी कंपनी बांधली जाते. मागील तीन वर्षांच्या सरासरी करपूर्व नफ्याचे २ टक्के तिने खर्चावयाचे असतात.

शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, पर्यावरण, ग्रामविकास ही कामे सातव्या अनुसूचीत बसतात. स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या सोयी आणि नेहमीच्या धंद्यातील कामे बसत नाहीत. परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदा म्हणतो. किती द्यावे, हे मात्र म्हणत नाही!

खरी मेख शिल्लक रकमेत आहे. पूर्वी खर्च का झाला नाही याचे कारण अहवालात लिहिले की भागत असे. २२ जानेवारी २०२१ पासून ती सवलत गेली. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कंपनीचा नफा तीन वर्षांत अनुक्रमे २४०, ३०० व ३६० कोटी. सरासरी ३०० कोटी, म्हणून दायित्व ६ कोटी. मार्च २०२५ अखेर ४ कोटी खर्च झाले. उरलेल्या दोनपैकी दीड कोटी मालगुजारी तलावाच्या दुरुस्तीचे. हे काम संचालक मंडळाने बहुवर्षीय म्हणून मंजूर केलेले होते व सुरूही झाले होते. ही रक्कम ३० एप्रिलपर्यंत बँकेतील स्वतंत्र खात्यात जाते आणि तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर खर्चावी लागते. उरलेले ५० लाख शाळेच्या खोल्यांसाठी होते. ते काम सुरूच झाले नाही. ते ३० सप्टेंबरपर्यंत पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधीसारख्या, अनुसूचीतील एखाद्या निधीत भरावे लागतात. मुख्यमंत्री सहाय्यता निधी त्या यादीत नाही. म्हणजे शाळेचा पैसा गावाच्याच नव्हे, तर राज्याच्याही हातून निसटला. तलावाचे काम मुदतीत पुरे झाले नाही, तर त्याच्या शिलकीचीही वाट तीच.

रक्कम वळती न केल्यास तिच्या दुप्पट किंवा १ कोटी, यांपैकी कमी असेल तो दंड कंपनीला होतो. अर्थात पैसे निधीत भरणाऱ्या कंपनीस दंड नाही; तोटा सोसते ते गाव. शिवाय स्वतःच्याच प्रतिष्ठानाकडे पैसे सोपविले म्हणजे खर्च झाला, असेही नाही. प्रतिष्ठानाने ते प्रत्यक्ष कामावर लावले पाहिजेत.

म्हणून कंपनीच्या वार्षिक अहवालास जोडलेला या खर्चाचा तक्ता पाहावा. मागील तीन वर्षांची किती शिल्लक स्वतंत्र खात्यात पडून आहे, हा रकाना त्यात असतो. खात्यातील आकडा वर्षानुवर्षे तसाच राहिला, तर तलावाच्या पाळीवर फावडे पडलेले नाही, हे आंबागडला न जाताही कळते.