नमुन्याचं पार्सल: बिलावर काय लिहाल?

सोलापूरचा टॉवेल नमुना म्हणून जर्मनीला पाठवायचा आहे, असं समजा. प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर नुसतं ‘सॅम्पल’ लिहून भागत नाही. तपशील असा हवा: सुती टेरी टॉवेल, १०० टक्के कापूस, ७० × १४० सेंमी, नग १, एचएस कोड ६३०२६०, मूळ देश भारत. खाली ‘नो कमर्शियल व्हॅल्यू, नॉट फॉर सेल’ ही ओळ.

किंमत मात्र शून्य टाकू नका. खरी किंमत लिहून पुढे ‘फक्त कस्टम्ससाठी’ असं नोंदवा. शून्य दिसलं की अधिकाऱ्यांना शंका येते, पार्सल अडकतं आणि किंमत तेच ठरवतात.

युरोपीय संघाच्या नियमानुसार नगण्य किमतीचे आणि केवळ ऑर्डर मिळवण्यासाठीच उपयोगी पडतील असेच नमुने शुल्कमुक्त असतात. त्यासाठी टॉवेलला ठळक काप द्या किंवा न पुसणाऱ्या शाईने ‘सॅम्पल’ छापा. पोत आणि रंग तरीही तपासता येतात. एकाच रंगाचे डझनभर टॉवेल पाठवले, तर तो विक्रीचा माल समजला जाऊ शकतो.

शुल्कमाफीचा अंतिम निर्णय आयात करणाऱ्या देशाचं कस्टम्स घेतं. म्हणून पार्सल पाठवण्याआधी इन्व्हॉइसची प्रत खरेदीदाराला दाखवून घ्या.